फोडणी, आग आणि सत्तावन्न अंश

तेल तापतं, मोहरी तडतडते, वर हिंग-हळद आणि हिरवी मिरची पडते आणि कढईतून एक निळसर ढग उठतो. त्या ढगात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. छताला बसवलेल्या स्मोक डिटेक्टरच्या आत एक छोटी अंधारी पोकळी असते. तिच्या एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो आणि तिरक्या कोनात प्रकाश टिपणारा डोळा. हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा प्रकाश सरळ निघून जातो आणि डोळ्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. हवेत कण आले की प्रकाश विखुरतो, थोडा डोळ्यावर पडतो आणि गजर वाजतो. हा कण जळत्या गादीतून आला की फोडणीतून, हे ओळखण्याची सोय साध्या डिटेक्टरमध्ये नसते. कुकरच्या वाफेचे थेंबही त्याच्या लेखी कणच. अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरणारे आयनीकरण पद्धतीचे डिटेक्टर तर तळणीतल्या बारीक कणांवर आणखी लवकर बिथरतात.

म्हणून स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर बसवला की पुढे काय होतं हे ठरलेलं आहे. पहिल्या आठवड्यात तो दोन-तीनदा केकाटतो. मग घरातलं कोणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतं, बॅटरी काढून ठेवतं, किंवा सोसायटीचा ऑपरेटर पॅनेलवरून तेवढं ठिकाण बंद करून टाकतो. नंतर खरंच आग लागते तेव्हा छतावर पांढरी डबी असते, पण ती आंधळी असते. माझ्या मते हाच सगळ्यांत मोठा धोका आहे. उशिरा वाजणारं उपकरण परवडतं, पिशवीत बांधलेलं उपकरण परवडत नाही.

यावर सोपा मार्ग आहे: जिथे रोज धूर, वाफ, धूळ असते तिथे धूर मोजायचाच नाही, उष्णता मोजायची. हीट डिटेक्टर हेच करतो. तो दोन तऱ्हांनी काम करतो, आणि कोणती तऱ्हा कुठे लावायची यातच खरी खुबी आहे.

पहिली तऱ्हा ठरावीक तापमानाची. हवा एका नेमलेल्या अंशापर्यंत तापली की डिटेक्टर वाजतो, त्याआधी नाही. हा नेमलेला अंक साध्या खोल्यांसाठी बहुधा ५७ किंवा ५८ अंश सेल्सिअस असतो आणि गरम जागांसाठी ९० च्या आसपास. जुन्या पद्धतीच्या डिटेक्टरमध्ये बिस्मथ, शिसं, कथील अशा धातूंच्या मिश्रणाचा एक टिकला असतो. हे मिश्रण असं साधलेलं असतं की ते एका नेमक्या तापमानाला एकदम वितळतं. टिकला वितळला की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि विजेचा संपर्क जुळतो. काही प्रकारांत दोन वेगळ्या धातूंची चकती असते, जी तापल्यावर खटकन उलटी वळते आणि गार झाल्यावर पूर्ववत होते. आजकाल इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरमध्ये या सगळ्याऐवजी थर्मिस्टर नावाचा मोहरीएवढा घटक असतो. त्याचा विद्युतरोध तापमानाबरोबर बदलतो आणि आतलं सर्किट तो सतत वाचत राहतं.

दुसरी तऱ्हा चढत्या वेगाची, तिला ‘रेट ऑफ राइज’ म्हणतात. इथे हवा किती गरम आहे यापेक्षा ती किती झपाट्याने गरम होते आहे याला महत्त्व. अमेरिकेत रूढ असलेला अंक मिनिटाला सुमारे ८ अंशांचा आहे. त्याहून वेगाने तापमान चढलं की गजर. याची जुनी रचना फार सुबक आहे. एका हवाबंद घुमटात थोडी हवा असते, घुमटाच्या एका बाजूला पातळ लवचीक पडदा असतो आणि हवा बाहेर पडायला एक अगदी बारीक, मोजून केलेलं छिद्र असतं. दुपारच्या उन्हाने खोली हळूहळू तापली तर आतली हवा फुगते तेवढी छिद्रातून निवांत निघून जाते. आग लागली तर हवा इतक्या घाईने फुगते की छिद्र पुरत नाही, पडदा ढकलला जातो आणि संपर्क जुळतो. थर्मिस्टरच्या डिटेक्टरमध्ये हेच गणित चिप करते. चढत्या वेगाच्या डिटेक्टरमध्ये ठरावीक तापमानाची मर्यादाही सोबत असतेच, कारण मिनिटाला चार-पाच अंशांनी सावकाश वाढणाऱ्या आगीला वेग मोजणारा भाग पकडणार नाही. तिला शेवटी ५७ अंशांची भिंतच अडवते.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. उष्णता मोजून रोजचा स्वयंपाक आणि आग यांच्यात फरक खरंच कळतो का? याचं उत्तर आकड्यांनी देता येतं. फॅक्टरी म्युच्युअल या अमेरिकी संस्थेतले रोनाल्ड अल्पर्ट यांनी १९७२ मध्ये काही सूत्रं मांडली. आगीची ताकद, तिच्यापासून छताची उंची आणि आडवं अंतर हे तीन आकडे दिले की छतालगतची हवा किती तापेल याचा अंदाज त्यातून निघतो. डिटेक्टरच्या जागा ठरवताना ती आजही वापरली जातात. भिंती आणि कोंडलेली हवा ती धरत नाहीत, त्यामुळे लहान स्वयंपाकघरातले खरे आकडे थोडे जास्त निघतील. पण चित्र समजायला ती पुरेशी आहेत.

एक साधा फ्लॅट घ्या. ओट्यावरच्या शेगडीपासून छत १.८ मीटर वर आहे आणि हवा ३० अंश. गॅसची एक मोठी शेगडी पूर्ण ज्योतीवर सुमारे अडीच किलोवॅट उष्णता देते. भांडं त्यातली बरीच शोषून घेतं, पण सगळी हवेत गेली असं धरू. शेगडीच्या बरोबर वर छतापाशी हवा सुमारे १२ अंशांनी तापेल. तिथून दोन मीटर बाजूला मात्र वाढ जेमतेम साडेतीन अंशांची. दोन शेगड्या लावल्या तरी साडेपाच. म्हणजे दोन मीटरवर बसवलेल्या डिटेक्टरच्या दृष्टीने घरातला स्वयंपाक म्हणजे ३० चे ३५-३६ अंश. धूर कितीही होवो, मिरचीचा ठसका घरभर पसरो, ५७ पासून तो फार लांब आहे.

आता तीच कढई शेगडीवर विसरली. तेल दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास धुरू लागतं आणि साडेतीनशेच्या पुढे गेलं की कोणी काडी न लावता पेट घेतं. पेटलेल्या तेलाच्या ज्वाळा वरच्या प्लायवूडच्या कपाटाला लागल्या आणि आग १०० किलोवॅटपर्यंत वाढली असं समजू. दोन मीटरवर छतालगतची हवा आता ४० अंशांनी तापते, म्हणजे ७० च्या घरात जाते. रोजच्या स्वयंपाकाची वाढ पाच अंश आणि आगीची चाळीस, एवढं स्पष्ट अंतर धुराच्या मोजणीत स्वयंपाकघरात कधीच मिळत नाही.

हवा ७० अंशांची झाली म्हणून ५७ चा डिटेक्टर त्याच क्षणी वाजत नाही, हेही समजून घ्यायला हवं. डिटेक्टरच्या धातूला किंवा थर्मिस्टरला तापायला वेळ लागतो. सामान्य चपळाईचा डिटेक्टर धरला तर या उदाहरणात तो सुमारे एका मिनिटाने बोलेल. तोवर आग वाढत असते, म्हणून डिटेक्टर वाजतो तेव्हा त्याच्याभोवतीची हवा नेमलेल्या अंकापेक्षा नेहमीच बरीच जास्त तापलेली असते.

जागेचं महत्त्वही याच हिशेबात दिसतं. डिटेक्टर दोनऐवजी चार मीटरवर लावला तर त्याच १०० किलोवॅटच्या आगीने तिथली हवा फक्त २५-२६ अंशांनी तापते. ३० अधिक २५ म्हणजे ५५-५६. आग वाढेपर्यंत, किंवा गरम हवा छताखाली साठेपर्यंत डिटेक्टर गप्प बसेल. आग पन्नास किलोवॅटचीच असेल, म्हणजे जवळपास एकट्या कढईची, तर दोन मीटरवरही आकडा हाच येतो. उलट डिटेक्टर शेगडीच्या थेट डोक्यावर लावला तर रोजची १२ ते १८ अंशांची वाढ त्याला थेट सोसावी लागते. चढत्या वेगाचा असेल तर तो मिनिटाभरात वाजेलच. म्हणून शेगडीपासून साधारण दोन मीटरवर, चिमणी आणि एक्झॉस्ट फॅनच्या ओढीपासून बाजूला, छताला लागून ही जागा योग्य. छताला लागून म्हणजे उष्णता टिपणारं टोक छतापासून अडीच ते पंधरा सेंटिमीटर खाली. त्याहून खाली लोंबवलं तर गरम हवेचा थर त्याच्या वरूनच वाहून जातो.

मग स्वयंपाकघरात चढत्या वेगाचा लावावा की ठरावीक तापमानाचा? बंदिस्त स्वयंपाकघरात ठरावीक तापमानाचा, असं मी ठामपणे म्हणेन. ओव्हनचं दार उघडलं की तप्त हवेचा लोट वर जातो. हॉटेलच्या भटारखान्यात तंदूर, मोठी पातेली, वाफेचे फवारे यांनी छताखालची हवा क्षणात दहा-पंधरा अंश वर जाते आणि पुन्हा खाली येते. वेग मोजणारा डिटेक्टर अशा ठिकाणी स्मोक डिटेक्टरइतकाच बदनाम होतो आणि त्याच्यावरही पिशवी चढते. दिवाणखान्याला जोडलेलं मोकळं स्वयंपाकघर असेल आणि डिटेक्टर लांब बसवण्यावाचून इलाज नसेल, तेव्हा मात्र चढत्या वेगाचा कामी येतो. वरच्या उदाहरणात चार मीटरवर ५७ चा गप्प राहतो, पण पंचवीस अंश इतक्या थोड्या वेळात चढतात की वेग मोजणारा ओरडतो.

बॉयलर रूमला हाच नियम अधिक कडकपणे लागू होतो. रुग्णालय, लॉन्ड्री, डेअरी, हॉटेल, कुठलीही घ्या. तिथे काजळी असते, वाफ गळते, आणि बॉयलरमधलं गाळमिश्रित पाणी सोडताना खोलीत धुकं दाटतं. स्मोक डिटेक्टर इथे टिकणारच नाही. बहुतेक साधे स्मोक डिटेक्टर साधारण ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि चालू बॉयलरच्या वर छतापाशी तेवढी उष्णता सहज असते. ५७ चा हीट डिटेक्टरही इथे चुकीचाच. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा डिटेक्टरचा अंक किमान ११ अंशांनी वर हवा असा अमेरिकी दंडक आहे. छतापाशी ५० अंश होत असतील तर ६१ च्या खालचं काहीही चालणार नाही. म्हणून तिथे ९० च्या आसपासचा घेतात.

युरोपच्या ईएन ५४-५ या मानकात डिटेक्टरचे वर्ग आहेत आणि खरेदी करताना डबीवर तेच छापलेले दिसतात. A1 वर्ग ५४ ते ६५ अंशांत वाजतो आणि ५० पर्यंतच्या खोलीसाठी असतो. B वर्ग ६९ ते ८५ मध्ये वाजतो आणि ६५ पर्यंतची खोली सोसतो. वर्गाच्या पुढे R असेल तर तो चढता वेगही पाहतो. S असेल तर तापमान कितीही झपाट्याने चढलं तरी नेमलेल्या मर्यादेच्या आत तो वाजणार नाही याची चाचणी झालेली असते. बॉयलर रूम आणि भटारखान्यासाठी हे S अक्षर पाहून घ्यावं. कंत्राटदार सगळ्या इमारतीला एकाच प्रकारचे डिटेक्टर लावून मोकळा होतो, कारण एकगठ्ठा स्वस्त पडतात. सोसायटीच्या किंवा हॉटेलच्या माणसाने शिडीवर चढून डबीवरची ही दोन-तीन अक्षरं वाचली तर निम्मे खोटे गजर तिथेच सापडतील. भारतात या डिटेक्टरांसाठी आयएस २१७५ आणि ते कुठे, कसे बसवावेत यासाठी आयएस २१८९ ही मानकं आहेत.

गॅरेजची गोष्ट उलटी आहे. इथेही स्मोक डिटेक्टर चालत नाही, कारण गाडी सुरू करताना येणारा धूर, रस्त्याची धूळ, कोळिष्टकं, कोकणातली पावसाळी दमट हवा हे सगळं त्या अंधाऱ्या पोकळीत शिरतं. पण गॅरेजमध्ये रोज काही तापत नाही. गाडीचं इंजिन गरम असतं, त्याने बंद गॅरेजची हवा हळूहळू थोडी ऊबदार होते, इतकंच. त्यामुळे इथे चढत्या वेगाचा डिटेक्टर खोटे गजर देत नाही आणि फायदा मोठा देतो. निफाडकडच्या हिवाळ्यातली एक पहाट घ्या. गॅरेजमध्ये ८ अंश आहेत. वायरिंगमधून आग लागली आणि छतापाशी तापमान मिनिटाला १० अंशांनी चढू लागलं. ठरावीक तापमानाच्या डिटेक्टरला ५७ पर्यंत पोहोचायला जवळपास पाच मिनिटं लागतील. वेग मोजणारा पहिल्या एक-दोन मिनिटांतच, हवा अजून वीस-पंचवीस अंशांचीच असताना बोलेल. मोटारीच्या आगीत ही तीन मिनिटं फार मोलाची असतात.

मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल? ऊन पत्रा तापवतं, पण तासाला काही अंश या गतीने, म्हणजे मिनिटाला अंशाचा एखादा अंश. वेग मोजणारा भाग ढिम्म हलत नाही. त्याच डबीतली ५७ ची मर्यादा मात्र गोत्यात आणते, कारण तापलेल्या पत्र्याखाली हवा पन्नासच्या पुढे जाऊ शकते. तिथे चढता वेग हवा, पण मर्यादा वरच्या वर्गाची हवी. दुपारी छतापाशी साधा थर्मामीटर लटकवून कमाल आकडा पाहावा आणि मगच वर्ग ठरवावा.

हीट डिटेक्टरचं एक उणं झाकून ठेवण्यासारखं नाही. तो उशिरा कळवतो. पेटण्याआधी तेल काही मिनिटं धुरत असतं, त्या वेळात हीट डिटेक्टर मुकाच असतो. सोफ्यात सिगारेट पडून तासभर धुमसत राहिली तर खोली विषारी धुराने भरेल आणि छताचं तापमान फारसं हलणारही नाही. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बिघडली की ज्वाळेआधी पांढुरक्या वाफा बाहेर पडतात, त्याही त्याला दिसत नाहीत. गॅसची गळती तर त्याच्या कक्षेबाहेरच आहे, तिला वेगळा गॅस डिटेक्टर लागतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत लावावा लागतो. म्हणून झोपायच्या खोलीत, पॅसेजमध्ये, जिन्यात हीट डिटेक्टर लावणं चूक आहे. झोपलेल्या माणसाला धूरच आधी गाठतो.

या दोघांची जोडी कशी लावावी याचं चांगलं उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तिथे प्रत्येक घरासाठी नियम आहे: सर्वाधिक वापराच्या बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्म, प्रत्येक स्वयंपाकघरात हीट अलार्म, आणि सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजणार. आपल्याकडच्या फ्लॅटलाही हीच मांडणी बसते. स्वयंपाकघरात ५७-५८ चा हीट डिटेक्टर, दाराबाहेर पॅसेजमध्ये, फोडणीचा ढग सहज पोहोचणार नाही इतक्या अंतरावर ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर. कढई रिकाम्या घरात धुरत राहिली तर धूर दाराबाहेर येतो आणि पॅसेजमधला आधी वाजतो. स्वयंपाकघराचं दार बंद असेल तर आतला हीट डिटेक्टर वाजतो आणि जोडणीमुळे झोपायच्या खोलीजवळचा भोंगाही. जोडणी नसेल तर बंद दाराआडचा गजर रात्री ऐकू येईलच असं नाही.

देखभालीत तीन चुका वारंवार दिसतात. रंगारी छताबरोबर डिटेक्टरही रंगवून टाकतो. रंगाचा थर उष्णता अडवतो आणि डिटेक्टर आणखी सुस्त होतो. रंगलेला डिटेक्टर खरवडून साफ करू नये, बदलावा. दुसरी चूक जुन्या पडद्याच्या डिटेक्टरकडे दुर्लक्ष करण्याची. त्याचं बारीक छिद्र धुळीने बुजलं तर हवा बाहेर पडत नाही आणि तो साध्या दुपारच्या उन्हानेही वाजू लागतो. पडदा किंवा घुमट फाटला, तर हवा निसटत राहते आणि तो कितीही वेगाच्या आगीत गप्प राहतो. पहिला बिघाड आवाज करून स्वतःच कळतो, दुसरा तपासल्याशिवाय कधीच कळत नाही.

तिसरी चूक तपासण्याच्या पद्धतीत. लायटर किंवा मेणबत्ती धरून डिटेक्टर तपासणारे लोक आहेत. त्याने प्लास्टिक वितळतं आणि टोकावर काजळी बसते. गार झाल्यावर पूर्ववत होणारा डिटेक्टर हेअर ड्रायरने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या गरम हवेच्या उपकरणाने, थोडं अंतर ठेवून तपासावा, आणि आधी पॅनेलवर तशी सूचना द्यावी म्हणजे इमारत रिकामी होणार नाही. वितळणाऱ्या टिकल्याचा डिटेक्टर मात्र गरम करून कधीही तपासू नये. टिकला एकदा वितळला की तो डिटेक्टर संपला. चढत्या वेगाच्या भागाची बेताच्या उष्णतेने चाचणी घेता येते, टिकल्याच्या भागाची फक्त विजेची जोडणी तपासतात. काही प्रकारांत टिकला वितळला की बाहेरची छोटी चकती गळून पडते किंवा खाली लोंबते. छताकडे पाहताना अशी चकती जागेवर नसलेला डिटेक्टर दिसला, तर तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.